कडुलिंब आणि हळद जिवाणूंची वाढ रोखतात का? विज्ञान प्रदर्शनासाठी अगर-प्लेटवरील प्रयोगाचा आराखडा

कडुलिंबाचा पाला आणि हळद यांच्या जंतुरोधक गुणांवरचा प्रकल्प शालेय विज्ञान प्रदर्शनांत नेहमी दिसतो, आणि त्याच्या तक्त्यावर बहुधा एकच छायाचित्र असते. जिवाणूंचा पांढुरका थर, त्यावर हळदीच्या अर्कात भिजवलेली कागदाची पिवळी चकती आणि चकतीभोवती पिवळे वर्तुळ. हे वर्तुळ हळदीच्या रंगाचे आहे की तिथे जिवाणू वाढले नाहीत म्हणून दिसते, असे परीक्षकाने विचारले की विद्यार्थ्याचे उत्तर अडते. पुढील आराखडा या प्रश्नाचे उत्तर देता यावे अशा बेताने मांडला आहे. तो आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

प्रश्न नेमका करणे

"हळद जंतुनाशक आहे का?" हा प्रश्न प्रयोगासाठी फार मोठा आहे. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर असे लिहावे: कडुलिंबाच्या पानांचा आणि हळकुंडाचा इथेनॉलमधील अर्क, केवळ इथेनॉलच्या तुलनेत, बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची वाढ अगर-माध्यमावर अधिक रोखतो का? या वाक्यातील "केवळ इथेनॉलच्या तुलनेत" हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. इथेनॉल स्वतःच जिवाणूंना मारते. त्यामुळे ज्या प्रयोगात नुसत्या इथेनॉलची चकती ठेवलेली नाही, त्या प्रयोगात दिसलेला परिणाम पाल्याचा की स्पिरिटचा हे कधीच सांगता येत नाही.

जिवाणू कोणता घ्यावा आणि काम कुठे करावे

बॅसिलस सबटिलिस हा मातीत आणि वाळलेल्या गवतात आढळणारा जिवाणू आहे. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही, झपाट्याने वाढतो आणि शिकाऊ हातांनाही साधतो. नागपुरात अनेक महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन अशा एखाद्या विभागाकडे गेल्यास ओळख पटलेले कल्चर, इनक्युबेटर आणि देखरेख करणारा जाणकार माणूस या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळू शकतात. प्रयोग तिथेच किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करावा, घरी करू नये. प्रदर्शनाचे नियमही आधीच वाचून घ्यावेत, कारण सूक्ष्मजीवांच्या प्रयोगासाठी अनेक स्पर्धांत काम सुरू होण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते.

तळहात, मोबाइल, तोंडाची लाळ किंवा नाग नदीचे पाणी यांतून जिवाणू वाढवण्याचा मोह मुलांना होतो, कारण ते नाट्यमय वाटते. तो ठामपणे टाळावा. अशा नमुन्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते, आणि ३७ अंश तापमानाला ठेवलेल्या प्लेटवर नेमके तेच जिवाणू कोट्यवधींनी वाढतात ज्यांना माणसाच्या शरीराचे तापमान मानवते. शिवाय आज घेतलेला नमुना आणि पुढच्या आठवड्यात घेतलेला नमुना सारखा नसतो, म्हणून प्रयोगाची पुनरावृत्तीही करता येत नाही.

अर्क तयार करणे

कडुलिंबाची पूर्ण वाढलेली, डाग नसलेली पाने घ्यावीत. ती धुऊन सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत आणि मिक्सरमधून काढून बारीक पूड करावी. हळदीसाठी बाजारातली तयार पूड वापरू नये, कारण तिच्यात पिठाची किंवा रंगाची भेसळ असेल तर प्रयोग भेसळीवर केल्यासारखा होतो. इतवारीतून अख्खी हळकुंडे आणावीत, धुऊन वाळवावीत, वरची साल खरवडावी आणि मग कुटावीत. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद मिळाली तर अधिक चांगले. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून कर्क्युमिन या हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या भरपूर प्रमाणासाठी ती ओळखली जाते. वहीत वाणाचे नाव लिहिता येणे हा आणखी एक फायदा.

प्रत्येक पुडीचे १० ग्रॅम वजन करून ५० मि.लि. इथेनॉलमध्ये, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत २४ तास ठेवावे आणि मधून मधून हलवावे. हळदीच्या बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावे, कारण कर्क्युमिन उजेडात विघटित होते. नंतर द्रव मलमलीतून आणि मग गाळणकागदातून गाळावा. इथेनॉल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतूनच घ्यावे. सॅनिटायझर कितीही सहज मिळत असले तरी चालणार नाही. त्यात बहुधा ग्लिसरीन असते, ते उडून जात नाही आणि चकतीत राहून निकाल बिघडवते. इथेनॉल पेट घेते, म्हणून हे सारे काम गॅस किंवा स्पिरिटच्या दिव्यापासून दूर करावे.

यानंतरची पायरी बहुतेक प्रकल्पांत गाळली जाते, आणि माझ्या मते प्रकल्पाचा दर्जा तिच्यावरच ठरतो. दोन्ही अर्कांत नेमका किती पदार्थ उतरला आहे हे मोजल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. त्यासाठी एका रिकाम्या काचेच्या बशीचे वजन करावे, तीत १० मि.लि. अर्क ओतून पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावा आणि पुन्हा वजन करावे. समजा, कडुलिंबाच्या बशीचे वजन ४२.३० ग्रॅमवरून ४२.६२ ग्रॅम झाले. म्हणजे १० मि.लि. अर्कात ०.३२ ग्रॅम पदार्थ आहे, अर्थात दर मि.लि.ला ३२ मिलिग्रॅम. हळदीच्या बाबतीत हाच आकडा ४८ आला, तर हळदीचा अर्क दीडपट गडद आहे. अशा वेळी हळदीच्या १० मि.लि. अर्कात ५ मि.लि. इथेनॉल मिसळले की दोन्ही अर्क ३२ वर येतात. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा.

चकत्या आणि प्लेटा

कार्यालयातल्या साध्या कागद-पंचने जाड गाळणकागदाला भोके पाडली की साधारण ६ मि.मी. व्यासाच्या चकत्या मिळतात. त्या काचेच्या पेट्री डिशमध्ये भरून, फॉइलमध्ये गुंडाळून निर्जंतुक कराव्यात. एका चकतीत एका वेळी सुमारे २० मायक्रोलिटरच द्रव मावतो. त्याहून जास्त घातला तर तो बाजूला पसरतो. म्हणून मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटर घालावे, चकती झाकलेल्या डिशमध्ये पूर्ण सुकू द्यावी आणि पुन्हा २० मायक्रोलिटर घालावे. वरील उदाहरणात प्रत्येक चकतीवर १.२८ मिलिग्रॅम अर्क चढतो. नुसत्या इथेनॉलच्या चकतीवरही अगदी हेच, तितक्याच वेळा, तितकेच सुकवून करावे. स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत कोणतीही चकती प्लेटवर ठेवू नये.

माध्यम म्हणून न्यूट्रियंट अगर पुरेसे आहे. डब्यावरचे प्रमाण पाहावे. ते लिटरला २८ ग्रॅम असेल तर १०० मि.लि. पाण्याला २.८ ग्रॅम पूड लागते. या आराखड्यात बारा प्लेटा आहेत आणि ९० मि.मी.च्या प्रत्येक प्लेटमध्ये २५ मि.लि. माध्यम ओतायचे आहे, म्हणून २५० मि.लि.च्या तीन फ्लास्कांत प्रत्येकी १०० मि.लि. माध्यम करावे. पूड आधी उकळून पूर्ण विरघळवावी, नाहीतर ती तळाशी बसते आणि पहिल्या प्लेटा पातळ तर शेवटच्या घट्ट होतात. कापसाचा बोळा आणि वर फॉइल लावून फ्लास्क प्रेशर कुकरमध्ये ठेवावेत. पहिली शिट्टी झाल्यावर आच कमी करून २० मिनिटे मोजावीत. कुकर आपोआप निवू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली तर माध्यम उसळून बोळ्यात शिरते. हा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

फ्लास्क हातात जेमतेम धरवेल इतका निवला, म्हणजे सुमारे ५० अंशांवर आला, की माध्यम ओतावे. फार गरम ओतले तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब सुटतात, ते प्लेटवर पडतात आणि जिवाणूंचा थर वाहून एकमेकांत मिसळतो. गोठलेल्या प्लेटा उलट्या करून एक रात्र ठेवाव्यात. बॅसिलस ओलसर पृष्ठभागावर पायघडी घातल्यासारखा पसरतो, त्यामुळे प्लेटा कोरड्या असणे इथे विशेष गरजेचे आहे.

जिवाणू पसरवणे आणि चकत्या मांडणे

आदल्या दिवशीच्या ताज्या कल्चरमधील थोडे जिवाणू निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात मिसळावेत आणि त्या द्रवाचा गढूळपणा प्रयोगशाळेतल्या ०.५ मॅकफार्लंड प्रमाण-नळीशी जुळवावा. दोन्ही नळ्यांमागे काळ्या रेघांचा कागद धरला की रेघा सारख्याच धूसर दिसल्या पाहिजेत. हे प्रमाण सांभाळले नाही तर दाट पेरलेल्या प्लेटवर वर्तुळे लहान आणि विरळ पेरलेल्या प्लेटवर मोठी येतात, आणि तो फरक अर्कामुळे आहे असे वाटू लागते.

निर्जंतुक स्वॅब द्रवात बुडवून नळीच्या कडेला दाबून निथळावा. तो संपूर्ण प्लेटवरून फिरवावा, मग प्लेट ६० अंशांनी वळवून पुन्हा, आणि आणखी एकदा वळवून तिसऱ्यांदा फिरवावा. पाच मिनिटांनी चिमट्याने चार चकत्या ठेवाव्यात: कडुलिंब, हळद, नुसते इथेनॉल आणि महाविद्यालयाकडून मिळालेली स्ट्रेप्टोमायसिनची तयार चकती. कडेपासून किमान १५ मि.मी. आणि दोन चकत्यांच्या केंद्रांत किमान २४ मि.मी. अंतर ठेवावे. चकत्यांच्या जागा प्रत्येक प्लेटवर चिठ्ठ्या टाकून बदलाव्यात. एकदा ठेवलेली चकती हलवू नये, कारण द्रव्य लगेच झिरपू लागते.

अशा पाच प्लेटा कराव्यात. यांखेरीज तीन प्लेटा केवळ पडताळणीसाठी लागतात. पहिलीवर काहीही घालू नये. ती कोरी राहिली तरच माध्यम निर्जंतुक होते असे म्हणता येते. दुसरीवर फक्त जिवाणू पसरवावेत. तिसरीवर जिवाणू न पसरवता चारही चकत्या ठेवाव्यात. ही तिसरी प्लेट अनावश्यक वाटते, पण हळदीच्या प्रयोगात तिचेच मोल सर्वांत जास्त आहे. हळद जमिनीतून येते, तिच्यासोबत बॅसिलस जातीचे बीजाणू येऊ शकतात, आणि इथेनॉलमध्ये ठेवल्याने बीजाणू मरत नाहीत. या प्लेटवर हळदीच्या चकतीभोवती वसाहती उगवल्या तर अर्क जिवाणू रोखण्याऐवजी पेरत आहे. अशा वेळी अर्क बारीक छिद्रांच्या ०.२२ मायक्रॉन सिरिंज-फिल्टरमधून पुन्हा गाळून घ्यावा. हा फिल्टर इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचा आहे ना, हे प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.

प्लेटा दोन ठिकाणी चिकटपट्टीने बंद करून, उलट्या ठेवून, ३० ते ३७ अंशांदरम्यान एका ठरावीक तापमानाला १८ ते २४ तास ठेवाव्यात. प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात असतात, आणि नागपूरच्या डिसेंबरातल्या रात्री इतक्या थंड असतात की टेबलावर ठेवलेली प्लेट दुसऱ्या दिवशीही कोरीच दिसेल. इनक्युबेटर नसेल तर शाळेतच थर्माकोलचा खोका, लहान बल्ब आणि तापमापी यांवर काम भागते. मात्र प्लेटा ठेवण्याआधी खोक्याचे तापमान रात्रभर टिकते का ते पाहून घ्यावे. प्लेटा एकदा बंद केल्या की त्यानंतर उघडायच्या नाहीत.

मोजमाप आणि आकड्यांचा अर्थ

प्लेट उलटी धरून तळाच्या बाजूने, चकतीसकट स्वच्छ भागाचा व्यास पट्टीने एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा आणि सरासरी घ्यावी. मोजणाऱ्याला कोणती चकती कशाची हे ठाऊक नसणे उत्तम, पण इथे हिरवी आणि पिवळी चकती लपवता येत नाही. म्हणून दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजावे आणि दोघांचेही आकडे वहीत ठेवावेत.

पिवळ्या वर्तुळाचा प्रश्न आता येतो. कर्क्युमिनचा रंग चकतीबाहेर झिरपतो, आणि त्या पिवळ्या भागात जिवाणू वाढलेले असले तरी घाईत पाहणाऱ्याला तो भाग रिकामा वाटतो. प्लेट खिडकीच्या उजेडात तिरपी धरून भिंगातून पाहावे. जिवाणूंचा खरबरीत, दुधाळ थर पिवळ्या भागातून सरळ चकतीपर्यंत गेला असेल तर तो नुसता रंग आहे. थर जिथे थांबतो आणि पुढे अगरचा गुळगुळीत, पारदर्शक पृष्ठभाग दिसतो, तिथेच प्रतिबंध क्षेत्राची कड समजावी.

समजा, पाच प्लेटांवर मि.मी.मध्ये पुढील आकडे मिळाले. (हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत.)

| चकती | १ | २ | ३ | ४ | ५ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|
| कडुलिंब | ९ | १० | ९ | ८ | ९ | ९.० |
| हळद | ७ | ८ | ७ | ७ | ८ | ७.४ |
| नुसते इथेनॉल | ६ | ६ | ७ | ६ | ६ | ६.२ |

चकतीच ६ मि.मी.ची असल्यामुळे ६ म्हणजे काहीच परिणाम नाही. कडुलिंबाचा सर्वांत लहान आकडा ८ आहे आणि इथेनॉलचा सर्वांत मोठा ७, म्हणजे दोन्ही गट कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत. कडुलिंबाच्या अर्काने वाढ रोखली असे इथे लिहिता येते. हळदीची सरासरी इथेनॉलपेक्षा जास्त दिसते खरी, पण तिचे तीन आकडे ७ आहेत आणि इथेनॉलचाही एक आकडा ७ आहे. शिवाय पट्टीने मोजताना १ मि.मी.ची चूक सहज होते. त्यामुळे हळदीबद्दल "परिणाम असू शकतो, पण या प्रयोगातून सिद्ध होत नाही" इतकेच लिहावे. स्ट्रेप्टोमायसिनचे वर्तुळ बरेच मोठे येईल. ते पाहून कडुलिंब किती पट कमकुवत आहे असे गणित मांडू नये, कारण तिथे शुद्ध औषध आहे आणि इथे असंख्य पदार्थांचे मिश्रण. जिवाणू प्रतिसाद देण्याच्या स्थितीत आहेत आणि मांडणी चालते, एवढेच त्या चकतीने दाखवायचे असते.

हळदीला दुसरी संधी

हळदीचे लहान वर्तुळ पाहून ती निष्प्रभ आहे असे ठरवणे चुकीचे होईल. चकतीच्या पद्धतीत द्रव्याला अगरमधून बाहेर झिरपावे लागते. अगर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ते चकतीजवळच अडकून राहते. वर्तुळाच्या आकारात द्रव्याची ताकद आणि त्याची झिरपण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि पट्टीला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून उरलेल्या चार प्लेटांत अर्क माध्यमातच मिसळावा. दोन प्लेटांसाठी प्रत्येकी २४.५ मि.लि. वितळलेल्या, सुमारे ५० अंशांच्या माध्यमात ०.५ मि.लि. हळदीचा अर्क घालून हलकेच घोळवावे आणि ओतावे. उरलेल्या दोन प्लेटांत अर्काऐवजी तितकेच इथेनॉल घालावे. हळदीच्या प्लेटवर न विरघळलेल्या कणांचे बारीक पिवळे ठिपके दिसतील. ते नंतर वसाहती म्हणून मोजले जाऊ नयेत यासाठी जिवाणू घालण्यापूर्वीच छायाचित्र घेऊन ठेवावे.

आता मघाच्याच प्रमाणाचे जिवाणूंचे द्रावण घेऊन त्यातील १ मि.लि. निर्जंतुक मिठाच्या ९ मि.लि. पाण्यात घालावे, त्यातील १ मि.लि. पुढच्या ९ मि.लि.मध्ये, असे सहा वेळा पातळ करावे. प्लेटचे पेनाने चार भाग करून शेवटच्या चार नळ्यांतला प्रत्येकी १० मायक्रोलिटरचा एकेक थेंब एकेका भागात ठेवावा आणि तो शोषला जाईपर्यंत प्लेट सरळच ठेवावी. वसाहती सुट्या सुट्या मोजता येतील असा भाग निवडून १८, २४ आणि ४८ तासांनी त्यांची संख्या आणि व्यास नोंदवावा.

ही पद्धत "वाढ मंदावते का" या प्रश्नाला चकतीपेक्षा थेट उत्तर देते. समजा, २४ तासांनी इथेनॉलच्या प्लेटवर ३ मि.मी.च्या २२ वसाहती आहेत आणि हळदीच्या प्लेटवर, त्याच पातळीच्या थेंबात, १ मि.मी.च्या २० वसाहती आहेत. संख्या जवळपास तीच आहे, म्हणजे जिवाणू मेलेले नाहीत. आकार लहान आहे, म्हणजे ते सावकाश वाढत आहेत. याउलट हळदीकडे तीनचारच वसाहती उगवल्या आणि ४८ तासांनंतरही त्यांत भर पडली नाही, तर बहुतेक जिवाणूंना तिथे वाढताच आले नाही. या दोन निष्कर्षांतला फरक चकतीच्या वर्तुळातून कळत नाही.

विल्हेवाट आणि तक्ता

वापरलेल्या सर्व प्लेटा, स्वॅब आणि नळ्या त्याच कुकरमध्ये ३० मिनिटे ठेवून मगच टाकाव्यात. प्लॅस्टिकच्या प्लेटा आकसून वितळतात, म्हणून त्या उष्णता सहन करणाऱ्या पिशवीत किंवा जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. नुसत्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवणे बॅसिलसच्या बाबतीत भरवशाचे नाही, कारण त्याचे बीजाणू चिवट असतात. टेबल ७० टक्के स्पिरिटने पुसावे आणि हात साबणाने धुवावेत.

प्रदर्शनात जिवंत प्लेटा नेऊ नयेत, छायाचित्रे न्यावीत. प्रत्येक छायाचित्रात शेजारी पट्टी दिसावी, आणि पडताळणीच्या तीन प्लेटांची छायाचित्रे तक्त्याच्या कोपऱ्यात न ढकलता मुख्य निकालाच्या शेजारीच लावावीत. निष्कर्षात जिवाणूचे नाव, अर्काचे प्रमाण आणि माध्यम यांचा उल्लेख असावा. या प्रयोगातून जखमेवर हळद लावावी की नाही, किंवा कडुलिंबाचा रस प्यावा की नाही, याबद्दल काहीही ठरत नाही. तक्त्यावर तसे वाक्य असेल तर ते छपाईपूर्वीच काढून टाकावे.